पोलॅरिमीटरवर साखरेच्या द्रावणाची संहती चुकीची येत असेल तर काय, कोणत्या क्रमाने तपासावे

पुढील मजकूर महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सर्वत्र आढळणाऱ्या मांडणीसाठी आहे: लॉरेंट पद्धतीचा हाफ-शेड पोलॅरिमीटर, सोडियम दिवा, २० सेंटिमीटरची काचेची नळी आणि साखरेचे द्रावण. सूत्र सर्वांना पाठ असते, तरी एकदा लिहून ठेवतो, कारण निम्म्या तक्रारी त्याच्या एककांपाशीच मिटतात.

```
c = θ / ([α] × l)
```

येथे θ हा घूर्णन कोन अंशांत, l ही नळीची लांबी डेसिमीटरमध्ये आणि c ही संहती ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये आहे. साखरेसाठी, म्हणजे सुक्रोजसाठी, २० अंश सेल्सिअस तापमानाला आणि सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात [α] चे मूल्य ६६.५ धरतात. म्हणजे १०० घन सेंटिमीटर द्रावणात १० ग्रॅम साखर असेल आणि नळी २० सेंटिमीटरची असेल, तर कोन ६६.५ × २ × ०.१० = १३.३ अंश यायला हवा. हा एक आकडा लक्षात असला की पुढची बरीच तपासणी कागद न उघडता करता येते.

लक्षणे

उपकरण "बिघडले आहे" अशी तक्रार घेऊन विद्यार्थी येतात, तेव्हा ती बहुधा पुढील पाचांपैकी एका रूपात असते.

पहिले: सर्व द्रावणांचे कोन सारख्याच अंशांनी जास्त किंवा कमी येतात. दुसरे: सर्व कोन सारख्याच टक्क्यांनी कमी किंवा जास्त येतात. तिसरे: सौम्य द्रावणाचा कोन जवळपास बरोबर येतो, पण संहती वाढेल तशी तूट वाढत जाते. चौथे: तेच द्रावण, तीच नळी, तरी दर वेळी वेगळे वाचन येते. पाचवे: सकाळी एक कोन, दुपारी दुसरा, दुसऱ्या दिवशी तिसरा, आणि बदल सतत एकाच दिशेने.

यांपैकी कोणते लक्षण आहे हे ठरवल्याशिवाय उपकरणाच्या एकाही स्क्रूला हात लावू नये. त्यासाठी एका द्रावणाचे वाचन पुरत नाही. किमान चार संहतींची द्रावणे घेऊन कोन विरुद्ध संहती असा आलेख काढावा आणि त्यात मूळबिंदू मुद्दाम दाखवावा. रेषा सरळ असून मूळबिंदूच्या वर किंवा खाली अक्षाला छेदत असेल, तर चूक शून्य वाचनात आहे. रेषा सरळ आहे, मूळबिंदूतून जाते, पण तिचा चढ कमी किंवा जास्त आहे, तर चूक नळीच्या लांबीत, प्रकाशात किंवा मूळ द्रावणाच्या संहतीत आहे. रेषा मूळबिंदूतून निघून वर जाताना खाली वाकत असेल, तर दोष जवळजवळ नेहमीच द्रावण करण्याच्या पद्धतीत असतो. बिंदू विखुरलेले असतील, तर डोळा, नळी किंवा बुडबुडा यांकडे वळावे. आलेखाला खर्च नाही आणि तो पुढचा अर्धा शोध वाचवतो, म्हणून तो सर्वांत आधी करावा.

केवळ विशिष्ट घूर्णनाच्या आकड्यांकडे पाहून निष्कर्ष काढल्यास फसगत होते. शून्य वाचन वजा करायचे राहिले आणि ते ०.८५ अंश होते असे समजू. मग ५ टक्क्यांच्या द्रावणावरून विशिष्ट घूर्णन ७५ येते आणि २० टक्क्यांच्या द्रावणावरून ६८.६. द्रावण करण्यात चूक असेल तर हेच आकडे ६४.५ आणि ५९ असे येतात. दोन्ही वेळा संहती वाढली की विशिष्ट घूर्णन घटताना दिसते आणि विद्यार्थी वहीत लिहितो की विशिष्ट घूर्णन संहतीवर अवलंबून असते. सुक्रोजच्या बाबतीत या मर्यादेतील तो परिणाम इतका लहान आहे की ०.१ अंश वाचणाऱ्या उपकरणावर तो दिसतच नाही. दोन्ही आकडेवारींतील फरक आलेखावर मात्र क्षणात कळतो: एक रेषा मूळबिंदूच्या वरून जाते, दुसरी मूळबिंदूतून जाऊन वाकते.

१. गणित आणि वाचन

सर्वांत स्वस्त तपासणी वहीतच होते. उत्तर बरोबर दहापटींनी चुकत असेल, तर लांबी २ ऐवजी २० घातलेली आहे. लांबी सेंटिमीटरमध्येच ठेवायची असेल तर कोनाला १० ने गुणावे लागते. उत्तर शंभरपटींनी चुकत असेल, तर ग्रॅम प्रति १०० घन सेंटिमीटर आणि ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर यांची गल्लत आहे.

व्हर्नियर मिनिटांत असेल तर १३ अंश १८ मिनिटे म्हणजे १३.३ अंश होतात, १३.१८ नव्हे. ही चूक लहान दिसते आणि म्हणूनच टिकून राहते. तिच्यामुळे बिंदू विनाकारण विखुरलेले दिसतात आणि दोष डोळ्यांना लागतो.

आणखी एक चूक ३६० अंशांच्या वळणावर होते. पाण्याचे वाचन ३५८.६ आणि द्रावणाचे १२.५ असेल, तर θ म्हणजे १३.९ अंश, ३४६.१ नव्हे आणि १२.५ ही नव्हे. चकतीवर समोरासमोर दोन व्हर्नियर असतील तर दोन्ही वाचावेत आणि प्रत्येकाचा फरक वेगळा काढून मग सरासरी घ्यावी. चकतीचे केंद्र आणि फिरण्याचा आस तंतोतंत जुळत नसल्यास एका बाजूला कोन जेवढा जास्त दिसतो तेवढाच दुसऱ्या बाजूला कमी दिसतो, आणि सरासरीत ही चूक निघून जाते. वेळ वाचवण्यासाठी एकच व्हर्नियर वाचणे ही बचत नव्हे.

२. शून्य वाचन आणि जुळणीची योग्य जागा

शून्य वाचन रिकाम्या उपकरणावर घेऊ नये. ज्या नळीत द्रावण भरायचे त्याच नळीत ऊर्ध्वपातित पाणी भरून, तीच टोपणे लावून ते घ्यावे. पाणी स्वतः ध्रुवणाचे प्रतल फिरवत नाही; पण नळीच्या टोकांच्या काचा दाबाखाली असतील तर त्या शून्य थोडे सरकवतात, आणि हे सरकणे दोन्ही वाचनांत सारखे असेल तरच वजाबाकीत जाते.

हाफ-शेडच्या दृश्यक्षेत्राचे दोन अर्धे भाग एका फेरीत चार ठिकाणी सारखे दिसतात. त्यांपैकी दोन ठिकाणी संपूर्ण क्षेत्र मंद, जवळजवळ काळपट पिवळे असते, तर त्यांपासून ९० अंशांवर ते झगझगीत असते. जुळणी मंद जागीच करावी, कारण तेथे चकती किंचित हलवली तरी एक भाग उजळतो आणि दुसरा काळवंडतो. झगझगीत जागी काही अंश इकडे-तिकडे झाले तरी डोळ्याला फरक कळत नाही. चौथे लक्षण घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी जुळणी करून दाखवायला सांगतो आणि नेत्रिकेतून पाहतो. पुष्कळदा क्षेत्र लख्ख उजळलेले असते. पाण्यासाठी मंद आणि द्रावणासाठी झगझगीत जागा धरली गेली, तर कोन ९० अंशांनी चुकतो, पण ती चूक इतकी मोठी असते की लगेच सापडते. दोन्ही वेळा झगझगीत जागा धरली जाते, तेव्हा सरासरी साधारण बरोबर भासते आणि वाचने मात्र दोन-तीन अंशांनी नाचत राहतात.

जुळणीकडे एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून यावे आणि दोन्ही वाचने लिहावीत. त्यांत सतत एकाच दिशेचा फरक असेल तर दात्यांमध्ये ढिलाई आहे. ती दुरुस्त करण्याची गरज नसते. प्रत्येक वेळी एकाच बाजूने जुळणीपर्यंत आले म्हणजे पुरे. नेत्रिका आधी अशी सरकवावी की दोन भागांमधली उभी रेषा धारदार दिसेल. चष्मा असलेल्याने दुसऱ्याची नेत्रिका आहे तशी वापरू नये.

३. द्रावण कसे केले आहे

तिसरे लक्षण, म्हणजे वाकलेली रेषा, येथे उलगडते. मला सर्वाधिक वेळा भेटलेला दोष हाच आहे, आणि उपकरण उघडायला निघालेल्या लोकांना तो पटवणे सर्वांत अवघड जाते.

कृतिपत्रिकेत "२० ग्रॅम साखर १०० घन सेंटिमीटर पाण्यात विरघळवा" असे लिहिलेले असते किंवा तसे ऐकले जाते. सूत्रातील c मात्र द्रावणाच्या आकारमानावर ठरते, पाण्याच्या नव्हे. विरघळलेली साखर जागा घेते: प्रत्येक ग्रॅमला सुमारे ०.६२ घन सेंटिमीटर. म्हणून २० ग्रॅम साखर आणि १०० घन सेंटिमीटर पाणी मिळून सुमारे ११२.४ घन सेंटिमीटर द्रावण होते आणि त्याची खरी संहती २० नसून १७.८ टक्के असते. २० सेंटिमीटरच्या नळीत याचा परिणाम असा दिसतो:

| साखर (ग्रॅम) | द्रावण १०० घसेंमी केल्यास कोन | १०० घसेंमी पाण्यात घातल्यास कोन | तूट |
|---|---|---|---|
| ५ | ६.६५ | ६.४५ | ३% |
| १० | १३.३० | १२.५२ | ६% |
| १५ | १९.९५ | १८.२५ | ८.५% |
| २० | २६.६० | २३.६७ | ११% |

तूट संहतीबरोबर वाढते, म्हणूनच रेषा वाकते. प्रत्येक द्रावण वेगळे वजन करून केले असेल तर हे चित्र दिसते. पण २० ग्रॅमचे एकच मूळ द्रावण करून, त्यात मोजून पाणी घालत, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये पुढची द्रावणे केली असतील, तर सर्वांची तूट सारखीच ११ टक्के होते. रेषा सरळ राहते आणि दुसरे लक्षण दिसते. त्यामुळे रेषा सरळ आहे एवढ्यावरून मूळ द्रावण निर्दोष ठरत नाही. ते कसे केले हे विचारावेच लागते.

योग्य पद्धत साधी आहे. वजन केलेली साखर चंचुपात्रात ६०-७० घन सेंटिमीटर पाण्यात पूर्ण विरघळवावी, फनेलमधून १०० घन सेंटिमीटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतावी, चंचुपात्र थोड्या-थोड्या पाण्याने दोन-तीनदा विसळून ते पाणीही त्यातच घालावे, आणि मग खुणेपर्यंत पाणी भरावे. पाणी गरम करून साखर विरघळवली असेल तर द्रावण खोलीच्या तापमानाला आल्यावरच खूण गाठावी. फ्लास्क बूच लावून अनेकदा उलटा-सुलटा करावा, कारण घट्ट द्रावण तळाशी बसून राहते. नीट न ढवळलेले द्रावण नळीत भरले की क्षेत्रात तापलेल्या रस्त्यावर दिसतात तशा लहरी दिसतात आणि दोन अर्धे कधीच एकसारखे होत नाहीत.

बाजारातील पांढरी दाणेदार साखर या प्रयोगासाठी पुरेशी शुद्ध असते, म्हणून तिच्या ओलाव्याला दोष देऊ नये; तो टक्क्याचा लहानसा अंश असतो. गूळ किंवा पिठीसाखर वापरू नये. गुळात सुक्रोजशिवाय ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात, आणि फ्रुक्टोज प्रतल डावीकडे फिरवते. पिठीसाखरेत गोळे होऊ नयेत म्हणून अनेकदा स्टार्च मिसळलेला असतो आणि द्रावण गढूळ होते. गढूळ द्रावण गाळणकागदातून गाळावे आणि पहिले थोडे गाळलेले पाणी टाकून द्यावे.

सुक्रोजऐवजी ग्लुकोज दिले असेल तर दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ताज्या द्रावणाचा कोन काही तास घटत जातो, कारण α रूप (विशिष्ट घूर्णन सुमारे ११२) आणि β रूप (सुमारे १९) यांचा समतोल व्हायला वेळ लागतो आणि मूल्य ५२.७ वर स्थिरावते. द्रावण रात्रभर ठेवावे, किंवा अमोनियाचा एक थेंब घालून थोडा वेळ थांबावे. शिवाय बाटलीवर मोनोहायड्रेट लिहिले असेल तर वजनाचा सुमारे ९ टक्के भाग पाणीच असतो. सुक्रोजला यांपैकी कोणतीच अडचण नाही.

४. नळी

येथपर्यंत दोष सापडला नाही तर नळी हातात घ्यावी. पाण्याने धुतलेली नळी तशीच द्रावणाने भरणे ही अगदी रोजची गोष्ट आहे. आठ मिलिमीटर व्यासाच्या २० सेंटिमीटर नळीत अवघे दहा घन सेंटिमीटर द्रावण मावते, त्यामुळे भिंतीला आणि टोपणांत अर्धा घन सेंटिमीटर पाणी राहिले तरी संहती पाच टक्क्यांनी घटते. आणि दर वेळी वेगवेगळे पाणी राहते, म्हणून वाचनेही दर वेळी वेगळी येतात. उपाय एवढाच की त्याच द्रावणाने नळी दोनदा विसळून ते टाकून द्यावे आणि मग भरावे. द्रावणांचा क्रम सौम्याकडून तीव्राकडे ठेवावा.

बुडबुडा दिसला की तो नळीच्या फुगीर भागात आणावा. फुगीर भाग नसलेल्या नळीत द्रावण काठाच्या किंचित वर, फुगवटा येईपर्यंत भरून काच बाजूने सरकवत बसवावी. बुडबुडा मार्गात राहिला तर प्रकाशाचा काही भाग विखुरतो, मंद जागी क्षेत्र पुरेसे काळवंडत नाही आणि जुळणी बोथट होते.

टोपण गळू नये म्हणून ते जोर लावून आवळले जाते. आवळलेल्या काचेत ताण निर्माण होतो, ती द्विअपवर्तनी होते आणि दृश्यक्षेत्राचा एखादा कोपरा कधीच काळा होत नाही. तपासणी सोपी आहे: पाणी भरलेल्या नळीचे वाचन घ्यावे, टोपणे पाव वळसा सैल करावीत आणि पुन्हा वाचावे. शून्य सरकले तर टोपणे फार आवळलेली होती. रबरी चकती झिजली असेल तर ती बदलावी, जोर वाढवू नये. काचांच्या बाहेरच्या बाजू कोरड्या आणि स्वच्छ पुसलेल्या असाव्यात, कारण साखरेचा चिकट ठसा वाळला की तो प्रकाश विखरत राहतो.

लांबीविषयी एवढेच की ती दोन काचांमधील द्रवस्तंभाची असते. नळीवर कोरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी टोपणे आणि काचा काढून काचनळी टोकापासून टोकापर्यंत मोजावी. पितळी कवचासह मोजलेली लांबी जास्त भरते. कपाटात १०, २० आणि २२ सेंटिमीटरच्या नळ्या एकत्र पडलेल्या असतात, आणि २२ ची नळी २० ची समजून वापरली की प्रत्येक उत्तर बरोबर १० टक्के जास्त येते. दुसऱ्या लक्षणात चढ जास्त असेल तर प्रथम हेच पाहावे. चढ कमी असेल तर पुन्हा मूळ द्रावणाकडे जावे.

५. प्रकाश

सोडियम दिवा लावल्यावर आधी लालसर गुलाबी दिसतो, कारण सुरुवातीला त्यातील निऑन उजळतो. सोडियमची वाफ होऊन प्रकाश पक्का पिवळा व्हायला साधारण दहा मिनिटे लागतात. त्याआधी घेतलेली वाचने रद्द समजावीत. दिवा विझवून लगेच पुन्हा लावू नये. एका तुकडीचा तास संपला म्हणून बंद करून दुसऱ्या तुकडीसाठी पाच मिनिटांनी सुरू करण्यापेक्षा तो चालू ठेवलेला बरा.

लॉरेंटच्या हाफ-शेडमधील क्वार्ट्झची अर्धी चकती फक्त सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या प्रकाशासाठीच अर्धतरंग पट्टी ठरेल एवढ्या जाडीची घडवलेली असते. दिवा जळाला म्हणून पांढरा बल्ब किंवा टॉर्च लावल्यास दोन अर्धे वेगवेगळ्या रंगांचे दिसतात आणि जुळणी होतच नाही. पांढऱ्या प्रकाशासाठी द्विक्वार्ट्झ असलेले उपकरण वेगळे असते.

याहून फसवा प्रकार म्हणजे सोडियम दिव्याच्या जागी बसवलेला पिवळा एलईडी. क्षेत्र पिवळे दिसते, जुळणीही होते, फक्त चढ थोडा चुकतो. घूर्णन तरंगलांबीवर अवलंबून असते आणि ५८९ च्या आसपास प्रत्येक नॅनोमीटरला ते सुमारे एक तृतीयांश टक्क्याने बदलते. एलईडीचा कळस ५९५ वर असेल तर कोन सुमारे दोन टक्के कमी येतो. तीच नळी पाऱ्याच्या हिरव्या ५४६ नॅनोमीटर रेषेत पाहिली तर कोन जवळजवळ १८ टक्के वाढतो. यावरून प्रकाशाची बाब किती महत्त्वाची आहे याची कल्पना यावी.

६. शिळे द्रावण आणि तापमान

पाचवे लक्षण, म्हणजे कोन एकाच दिशेने घटत जाणे, दिसले की द्रावण ओतून टाकावे. साखरेचे साधे द्रावण एका दिवसात फारसे बदलत नाही, परंतु उन्हाळ्यात दोन-तीन दिवस ठेवल्यास त्यात सूक्ष्मजीव वाढतात. आम्ल शिरले असेल तर सुक्रोजचे जलविघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे समप्रमाण मिश्रण बनते. त्याचे विशिष्ट घूर्णन सुमारे उणे २० असते. २० टक्क्यांच्या द्रावणाचे संपूर्ण विघटन झाल्यास कोन २६.६ वरून शून्य ओलांडून उणे ८ च्या आसपास जातो. रसायनशास्त्र विभाग हाच पोलॅरिमीटर हायड्रोक्लोरिक आम्लाने होणाऱ्या या विघटनाचा वेग मोजण्यासाठी वापरत असेल, तर त्यांचे फ्लास्क आपल्या मूळ द्रावणासाठी घेऊ नयेत. आम्लाचा अंश तासाभरात काही करत नाही, रात्रभरात करतो.

तापमानाला मात्र उगाच दोष दिला जातो. खोलीत ३२ अंश असताना २० अंशांच्या तुलनेत साखरेच्या कोनात साधारण अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. २६ अंशांच्या कोनावर तो एका दशांशाहून थोडा जास्त भरतो. आपली चूक पाच टक्क्यांची असेल तर तिचे कारण उकाडा नव्हे.

एक उदाहरण

अज्ञात द्रावण, नळी २० सेंटिमीटर, व्हर्नियरचे लघुतम माप ०.१ अंश. पाण्याच्या वाचनांची सरासरी ०.८५ आणि द्रावणाच्या वाचनांची १८.१५ आली. θ = १७.३० अंश, म्हणून c = १७.३० ÷ (६६.५ × २) = ०.१३०, म्हणजे १०० घन सेंटिमीटरमध्ये १३.० ग्रॅम. शून्य वजा केले नसते तर १३.६ आले असते. दोन्ही वाचनांत मिळून सुमारे ०.१५ अंशाची अनिश्चितता धरली तर संहतीत ती ०.१ ग्रॅमची होते. म्हणून उत्तर १३.० ± ०.१ असे लिहावे, १३.००७५ असे लिहिलेले पाहिले की मी लाल शाई घेतो.

हा कोन १७.३ आहे की त्यातून १८० वजा करून येणारा उणे १६२.७ आहे, अशी शंका कोणी काढली तर ती रास्त आहे, कारण चकतीवर दोन्ही एकच जागा दाखवतात. द्रावण निम्मे पातळ करावे. कोन ८.६५ झाला तर पहिले खरे. दुसरे खरे असते तर उणे ८१.३५ आले असते.

७. उपकरणाचीच परीक्षा

वरील सर्व पार पडूनही चढ चुकत असेल, तर ज्ञात घूर्णनाची क्वार्ट्झची प्रमाण चकती असल्यास ती लावावी आणि तिच्यावर कोरलेल्या आकड्याशी तुलना करावी. महाविद्यालयांत ती क्वचितच असते. तिच्याऐवजी साखर उद्योगाचा प्रमाण आकडा वापरता येतो: २६.००० ग्रॅम शुद्ध सुक्रोज, २० अंशांना बरोबर १०० घन सेंटिमीटर द्रावण, २० सेंटिमीटर नळी आणि सोडियमचा प्रकाश, तर कोन ३४.६२६ अंश. आंतरराष्ट्रीय साखर मोजपट्टीवरील १०० चा अंक हाच. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत "पोल" मोजताना जी मोजपट्टी वापरतात ती यावरच बेतलेली असते. यातून विशिष्ट घूर्णन ६६.६ निघते, ६६.५ आणि ६६.६ यांतील फरकावर वाद घालण्याएवढे आपले उपकरण सूक्ष्म नाही. उन्हाळ्यातील खोलीत ३४.४ ते ३४.६ च्या दरम्यान वाचन आले तर उपकरण ठीक आहे असे समजावे आणि पुन्हा द्रावणाकडे वळावे.

कोठे थांबावे

पुढील परिस्थितींत स्वतः दुरुस्ती करू नये. उपकरण दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवावे. नळी काढून, रिकाम्या मार्गातही क्षेत्राचे दोन अर्धे कुठल्याच जागी एकसारखे मंद होत नसतील, तर ध्रुवक किंवा हाफ-शेडची चकती सरकली आहे. ती जागेवर आणण्यासाठी लागणारी मांडणी महाविद्यालयात नसते, आणि नळकांडे उघडले की ती आणखी बिघडते. चकती हलवली नसतानाही शून्य दर तासाला सरकत असेल, किंवा टोपणांवर ताण नसताना प्रमाण द्रावणाचा कोन ३४.६ पासून अर्ध्या अंशाहून अधिक दूर येत असेल, तरीही थांबावे.

दिवा लुकलुकत असेल, चोक गुरगुरत असेल किंवा जळका वास येत असेल, तर स्विच बंद करून वीजतंत्रज्ञाला सांगावे; या दिव्याच्या मंडलात सुरू होताना नेहमीच्या पुरवठ्याहून बराच जास्त दाब असतो आणि झाकण उघडणे विद्यार्थ्यांचे काम नव्हे. दिवा फुटला तर तुकडे ओल्या फडक्याने पुसू नयेत किंवा बेसिनमध्ये टाकू नयेत, कारण आतला सोडियम धातू पाण्याशी जोरात अभिक्रिया करतो. ते कोरडे गोळा करून कोरड्या डब्यात ठेवावेत.

तंत्रज्ञाला बोलावताना केवळ "रीडिंग चुकते" असे सांगू नये. पाण्याचे शून्य वाचन, २६ ग्रॅमच्या द्रावणाचा दोन्ही व्हर्नियरवरचा कोन, खोलीचे तापमान, दिव्याचा प्रकार, मोजलेली नळीची लांबी आणि चार संहतींचा आलेख त्याच्यापुढे ठेवावा. एवढे हातात असले की तो आल्याआल्या योग्य भाग उघडतो.